सत्तेचाळीस की एकोणनव्वद?

तक्ता बांगलादेशातल्या हातपंपांच्या पाण्याचा होता. डावीकडे पंपाचा क्रमांक, मग खोली, आणि शेवटच्या रकान्यात एका लिटर पाण्यात किती मायक्रोग्रॅम आर्सेनिक सापडलं तो आकडा. मला बंगाली वाचता येत नाही. पण आकडे ताडून पाहायला भाषा कशाला लागते, अशा समजुतीने मी इंग्रजी मूळ एका हाताला आणि बंगाली अनुवाद दुसऱ्या हाताला ठेवून बसलो होतो. मुळात ४७ होतं. बंगाली पानावर मला चक्क ८९ दिसत होतं. बांगलादेशात पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अनुवादकाने एक चांगला पंप वाईट ठरवून टाकला होता! मी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि पान शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

शेजारी बसते ती मूळची गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याची. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती तिकडे आहेत. तिच्या घरात बंगाली, अंगणात मराठी. तिने पानाकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर, हे सत्तेचाळीसच आहे. तुम्ही बंगाली चार आणि सात इंग्रजी डोळ्यांनी वाचलेत. गोल खोडा.”

तिने मग कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

```
देवनागरी  ० १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९
बंगाली    ০ ১ ২ ৩ ৪ ৫ ৬ ৭ ৮ ৯
इंग्रजी    0 1 2 3 4 5 6 7 8 9
```

मधल्या ओळीतला चार पाहा, तो हुबेहूब इंग्रजी आठसारखा आहे. सात इंग्रजी नऊकडे झुकतो. बंगाली माणसाला यात काही अडचण नाही, कारण तो संपूर्ण पान बंगालीच वाचत असतो. घोटाळा होतो तो दोन्ही लिप्यांचे आकडे एकाच पानावर मिसळले की. तांत्रिक अहवालात नेमकं तेच घडतं: मजकूर बंगालीत आला, पण आलेख मूळ इंग्रजीतला तसाच चिकटवला. मग मजकुरातला ৪ म्हणजे चार आणि शेजारच्या आलेखातला 8 म्हणजे आठ. म्हणून आम्ही कामाला हात घालण्याआधीच ठरवून घेतो. वाचायचे आणि मोजायचे सगळे आकडे, आलेखांवरचेसुद्धा, बंगाली. पंपाचे सांकेतिक क्रमांक, यंत्रांचे मॉडेल क्रमांक आणि सूत्रं मात्र मुळात आहेत तशीच, कारण ती वाचण्यासाठी नसून जुळवण्यासाठी असतात.

आकड्यांना आणखी एक रोग आहे, तो डोळ्यांना दिसतच नाही. मराठीत श्रीलिपी किंवा कृतिदेवात टंकलेली जुनी फाइल उघडल्यावर जी अक्षरांची भेळ दिसते, ती अनेकांनी पाहिली असेल. बांगलादेशात ‘बिजॉय’ पद्धतीचं टंकन आणि ‘सुतन्नी’ हा फॉन्ट यांनी तेच केलं. त्या फाइलीत दिसायला बंगाली ৪ असतो, पण संगणकाच्या पोटात तो इंग्रजी 4 असतो, फक्त वरून बंगाली अंगरखा चढवलेला. फॉन्ट बदलला की अक्षरांचा पालापाचोळा होतो आणि ते लगेच लक्षात येतं. आकडे मात्र मुकाट्याने इंग्रजी होऊन बसतात, आणि पान दुरंगी होतं. उलट खऱ्या युनिकोड बंगालीत टंकलेला आकडा अनेक तक्त्यांच्या प्रोग्रॅमना आकडा वाटतच नाही. ते त्याला अक्षर समजतात आणि बेरीज शून्य दाखवतात. बेरीज शून्य आली, तर निदान चूक कळते. दहापैकी तीनच रकमा धरल्या गेल्या, तर तीही कळत नाही.

यावर आमचा उपाय साधा आहे. मुळातले सगळे आकडे क्रमाने एका यादीत काढायचे, अनुवादातले दुसऱ्या यादीत, बंगाली आकडे संगणकाकडून इंग्रजीत आणून घ्यायचे आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. पायथॉन भाषेला बंगाली आकडे थेट समजतात:

```
>>> int("৪৭")
47
```

ही ओळ मला त्या दिवशी ठाऊक असती, तर लाल गोल काढायची वेळ आली नसती. याद्यांमध्ये जो फरक उरतो, तो एकतर चूक असतो किंवा जाणूनबुजून केलेलं रूपांतर. ही रूपांतरं कशी होतात ते दाखवायला मी नमुन्यादाखल एक परिच्छेद रचला आहे. प्रत्यक्षातले अहवाल असेच असतात:

“पाहणी ०३/०४/२०२३ रोजी सुरू झाली. तिच्यावर १.२५ मिलियन डॉलर खर्च झाले. १५० मीटरपेक्षा कमी खोलीच्या पंपांपैकी ३० टक्के पंपांत आर्सेनिक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आढळलं.”

यात पाचही आकडे अडचणीचे आहेत. त्यातल्या एकालाही हात लावण्याआधी विचारावं लागतं, की वाचणारा बंगाली माणूस ढाक्यातला की कोलकात्यातला? भाषा एक, लिपी एक, पण तारीख, पैसा आणि कायदा दोन.

तारखेपासून सुरुवात करू. ०३/०४ म्हणजे आपल्याला आणि बंगाली माणसालाही तीन एप्रिल. अमेरिकेत लिहिलेल्या अहवालात तो चार मार्च असतो. हे अंदाजाने ठरवायचं नसतं. त्याच अहवालात दुसरीकडे कुठे १७/०४ किंवा ०४/१७ सापडतं का ते शोधायचं. बारापेक्षा मोठा आकडा ज्या जागी येतो, ती दिवसाची जागा. तसं काहीच सापडलं नाही, तर मूळ लेखकाला विचारायचं. अनुवादात मात्र महिना नेहमी अक्षरी लिहायचा, म्हणजे पुढच्या वाचकावर ही पाळी येत नाही. बंगालीत तिसऱ्या तारखेला ‘रा’, चौथीला ‘ठा’, पाचवीला ‘इ’, एकविसावीला ‘शे’ असे प्रत्यय लावायची जुनी रीत आहे. एकवीस फेब्रुवारीला ‘एकुशे’ म्हणतात ते त्यातूनच. संगणकाला सरसकट एकच प्रत्यय लावायला सांगणाऱ्याची फजिती होते. प्रत्यय न लावता नुसता आकडा आणि महिना लिहिणं आता सर्वमान्य आहे, तेच बरं.

पण गोष्ट इथे संपत नाही. बांगलादेशातल्या सरकारी पत्रांवर इंग्रजी तारखेबरोबर बंगाब्दातली तारीखही असते, आणि अहवाल सरकारी खात्यासाठी असेल तर तीही मागतात. तिथलं पंचांग आता गणिताने बांधलेलं आहे. वैशाख १४ एप्रिलला सुरू होतो. वैशाख ते आश्विन हे सहा महिने ३१ दिवसांचे, पुढचे ३० चे, फक्त फाल्गुन २९ चा आणि लीप वर्षात ३० चा. ही मांडणी २०१९ मध्ये लागू झाली, आणि तिचं कारण मला फार आवडतं. भाषा आंदोलनातला गोळीबार २१ फेब्रुवारी १९५२ रोजी झाला, तेव्हा तिथीपत्रात ८ फाल्गुन होता. आधीच्या सुधारित पंचांगात हाच दिवस ९ फाल्गुनला पडू लागला होता. म्हणून महिन्यांची लांबी बदलून २१ फेब्रुवारी पुन्हा ८ फाल्गुनला आणून बसवला. म्हणजे २०१९ च्या आधीच्या तारखा आजच्या कोष्टकाने बदलल्या तर एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, हे ध्यानात ठेवायचं.

आता आपला दिवस. चैत्र १५ मार्चला लागतो, तेव्हा ३ एप्रिल म्हणजे २० चैत्र. नवं वर्ष लागायचं असल्याने २०२३ मधून ५९४ वजा करायचे: १४२९. तोच दिवस ४ मार्च धरला असता तर १९ फाल्गुन आला असता. मराठी माणसाची इथे एक खास फसगत होते. महिन्यांची नावं आपलीच असल्यामुळे तो निर्धास्त असतो. त्या ३ एप्रिलला आपल्याकडेही चैत्रच होता, पण आपण गुढी उभारून बारा दिवस झाले होते आणि बंगाल्यांचं वर्ष सरत आलं होतं. आपले महिने चंद्राचे, त्यांचे सूर्याचे. त्यांचा श्रावण जुलैच्या मध्यावर सुरू होतो, मग तिकडे अधिक महिना वगैरे काही नाही.

आणि कोलकाता? तिथे जुनं सौर पंचांगच चालतं. २०२३ मध्ये पोइला बैशाख ढाक्यात १४ एप्रिलला झाला, कोलकात्यात १५ ला. रवींद्रनाथांची जयंती २५ वैशाखला, ती त्या वर्षी ढाक्यात ८ मे, कोलकात्यात ९ मे. म्हणून पश्चिम बंगालसाठीच्या प्रतीत आम्ही बंगाब्द घालतच नाही. कुणी मागितलंच तर तिथलं छापील पंचांग उघडतो, सूत्रावर विसंबत नाही.

दुसरा आकडा १.२५ मिलियन डॉलर. मिलियनचा लाख करण्यात आपल्याला शिकण्यासारखं काही नाही: साडेबारा लाख डॉलर. बंगालीतही लाख-कोटीच चालतात आणि स्वल्पविरामही आपल्यासारखेच पडतात. ब्राउझरला विचारलं तर तो सांगतो:

```
new Intl.NumberFormat('bn-BD').format(1250000)
// "১২,৫০,০০০"
```

पण डॉलरचे पैसे करताना सावध राहावं लागतं. बांगलादेशाचं चलन टाका, १९७२ पासूनचं. २०२१ मध्ये एका डॉलरला साधारण ८५ टाका पडत होते. मे २०२४ मध्ये बांगलादेश बँकेने मधला दर ११७ ठरवला. साडेबारा लाख डॉलरचे पहिल्या दराने १० कोटी ६२ लाख ५० हजार टाका होतात, दुसऱ्या दराने १४ कोटी ६२ लाख ५० हजार. पाहणी तीच, खर्च तोच, आणि अनुवाद कोणत्या वर्षी झाला यावर चार कोटींचा फरक! म्हणून मूळ डॉलर मजकुरातून काढायचे नाहीत. टाका कंसात द्यायचे, खर्च झाला त्या काळाचा दर लावायचा आणि दर व त्याची तारीख तळटीपेत लिहायची. शिवाय मुळात आकडा ‘१.२५’ असा ढोबळ आहे, तर टाकाही ‘सुमारे’ म्हणूनच द्यायचे. शेवटच्या हजारापर्यंत नेलेला आकडा वाचकाला खोटी खात्री देतो.

याहून मोठा खड्डा ‘टाका’ या शब्दातच आहे. खिशात शंभराची नोट असेल तर मागच्या बाजूला भाषांची जी उभी पट्टी आहे, तिच्यातली वरून दुसरी ओळ पाहा. ती बंगाली आहे आणि तिच्यात रुपयाला ‘टाका’च म्हटलं आहे. कोलकात्यातला माणूस रुपयांना टाकाच म्हणतो. त्यामुळे ‘१० कोटी टाका’ ढाक्यात वाचले तर एक रक्कम, सियालदा स्टेशनवर वाचले तर दुसरी, आणि दोन्ही वाचकांना आपण बरोबर वाचलं याची खात्री. चिन्हाने प्रश्न सुटेल म्हणावं, तर टाकाचं ৳ हे चिन्ह युनिकोडच्या यादीत `BENGALI RUPEE SIGN` या नावाने नोंदलेलं आहे. आम्ही पहिल्या उल्लेखात ‘बांगलादेशी टाका’ किंवा ‘भारतीय टाका’ असं लिहितो आणि तक्त्यांच्या डोक्यावर `BDT` किंवा `INR` छापतो. कोलकात्याच्या संपादकांना ‘भारतीय टाका’ जरा विचित्र वाटतं. वाटू दे.

तिसरा आकडा १५० मीटर. तिथली माणसं पंपाची खोली फुटांत सांगतात, म्हणून बदलायचा मोह होतो. १५० मीटर म्हणजे ४९२ फूट, गोल करून पाचशे. एखाद्या वर्णनात ‘सुमारे पाचशे फूट’ चालून जाईल. पण इथे १५० ही सीमारेषा आहे, तिच्या अलीकडचे पंप उथळ आणि पलीकडचे खोल. पाचशे लिहिलं की ४९५ फुटांचा पंप एका गटातून उचलून दुसऱ्यात पडतो. त्यामुळे मीटर ठेवायचे आणि कंसात ४९२ फूट. सीमेचा आकडा गोल करायचा नाही, एवढा एक नियम अनुवादकाने भिंतीवर लावून ठेवावा.

‘३० टक्के’ हा निरुपद्रवी दिसतो. बंगालीत टक्क्याला ‘शतांश’ म्हणतात. पण जमिनीच्या मापातही शतांश आहे, तो म्हणजे एकराचा शंभरावा भाग, ४३५.६ चौरस फूट. आपला एक गुंठा म्हणजे असे अडीच शतांश. आता ‘आर्सेनिकच्या पाण्यावर भिजणारी ३० शतांश जमीन’ या शब्दांचा अर्थ सांगा. जमिनीतला तिसरा हिस्सा, की बारा गुंठ्यांचा तुकडा? जिथे जमिनीचा विषय निघतो तिथे टक्क्यासाठी ‘शतकरा’ हा दुसरा शब्द वापरायचा, म्हणजे वाचक अडत नाही. पंपांच्या वाक्यात मात्र शतांश खुशाल चालेल.

उरला मायक्रोग्रॅम. यात चूक झाली तर ती एकदम हजारपटीची असते. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, आणि ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. बांगलादेशी कागदपत्रांत मर्यादा कधी एका मापात असते, कधी दुसऱ्या. इंग्रजीत मायक्रोचं चिन्ह `µ`. जुन्या फाइलींत ते पुष्कळदा ‘सिम्बॉल’ नावाच्या फॉन्टमध्ये `m` हे अक्षर टंकून काढलेलं असतं. बंगाली प्रत तयार करताना कुणीतरी संपूर्ण मजकूर निवडतो, फॉन्ट बदलतो, आणि `µg` चं गपचूप `mg` होतं. आकड्यांच्या दोन याद्या कितीही जुळवल्या तरी हे सापडत नाही, कारण आकडा तोच राहतो. म्हणून एककांचीही वेगळी यादी काढावी लागते. संक्षेपांवरही भरवसा नको. मराठीत मीटरचा ‘मी’ दीर्घ आणि मिलीचा ‘मि’ ऱ्हस्व, त्यामुळे आपलं निभतं. बंगालीत ‘मिटार’ही ऱ्हस्वच, तेव्हा ‘मि.’ म्हणजे मीटर, मिली आणि वर मिनिटसुद्धा. आम्ही मायक्रोग्रॅम प्रत्येक वेळी पूर्ण अक्षरांत लिहितो. तक्त्याचा रकाना रुंद होतो, मांडणीवाले कुरकुरतात.

त्या ४७ वर शेवटी पुन्हा यावं लागलं. ढाक्याची प्रत गेल्यावर तीच थोडी फेरफार करून पश्चिम बंगालसाठी काढायची होती, कारण भूजलातल्या आर्सेनिकचा प्रश्न सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे. बांगलादेशात तपासणीनंतर मर्यादेच्या आतला पंप हिरवा रंगवतात, वरचा लाल. तक्त्यातही तेच रंग होते आणि ४७ हिरवा होता. पण जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १० मायक्रोग्रॅमची आहे, आणि भारतीय मानक संस्थेची मर्यादाही १० च. पूर्वी दुसरा स्रोत नसेल तर ५० पर्यंत सवलत होती, ती २०१५ मध्ये काढून टाकली. या फरकाचं वजन किती आहे ते २००१ च्या ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या बांगलादेशातल्या पाहणीत दिसतं. उथळ पंपांपैकी ५० च्या वर २७ टक्के होते, १० च्या वर ४६ टक्के. पाणी तेच, मर्यादा बदलली की जवळपास निम्मे पंप नापास.

मी म्हटलं, मग कोलकात्याच्या प्रतीत त्या ओळी लाल करून टाकू. ती म्हणाली, “नाही सर. ते पंप बांगलादेशातले आहेत, तिथे ते हिरवेच रंगवलेत. आपण रंग बदलला तर अहवाल खोटा होतो. नाही बदलला तर मालद्यातला वाचक सत्तेचाळीसचं पाणी निर्धास्त पिईल.”

मग रंग तसेच ठेवले. रंगांच्या सूचीत ‘बांगलादेशच्या ५० मायक्रोग्रॅम मर्यादेनुसार’ हे शब्द वाढवले, आणि उजवीकडे एक नवा अरुंद रकाना काढला: भारतीय मर्यादेच्या आत की वर. ৪৭ च्या ओळीत तिने ‘वर’ लिहिलं.